नववीचा प्रकल्प: ३७ घरे ‘होय’ म्हणाली, डबे मात्र वेगळे सांगतात

सुमेधा_मुलुंड

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत ‘घरगुती कचऱ्याचे वर्गीकरण’ या विषयावर सर्वेक्षण केले. दोन विंग, एकूण ५६ घरे. चौघी दोन रविवार दारोदार फिरल्या. ४४ घरांनी प्रश्नावली भरून दिली, १२ घरांकडून काही मिळाले नाही. ‘आपण ओला व सुका कचरा वेगळा करता का?’ या पहिल्या प्रश्नाला ३७ घरांनी ‘होय’ आणि ७ घरांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. मुलींनी त्यावरून ८४ टक्के असा आकडा काढला, रंगीत वर्तुळालेख काढला आणि ‘आमच्या परिसरातील नागरिक कचरा वर्गीकरणाबाबत जागरूक आहेत’ असा निष्कर्ष लिहून अहवाल दिला.

बाईंनी तो लाल शेरे मारून परत पाठवला. पहिला शेरा असा की ‘निरीक्षणे’ आणि ‘निष्कर्ष’ या दोन मथळ्यांखाली एकच मजकूर आहे. दुसरा शेरा फक्त ‘आकृती क्र. ३ चुकीची’ एवढाच आहे आणि त्यात नेमके काय चुकले ते मला अजून कळलेले नाही. आकृती ३ म्हणजे ‘वर्गीकरण करताना कोणत्या अडचणी येतात?’ या प्रश्नाचा वर्तुळालेख. एका घराने हव्या तितक्या पर्यायांवर खूण करायची होती. गाडीत सगळे एकत्रच जाते असे २६ घरांनी म्हटले, दोन डबे ठेवायला जागा नाही असे २१ घरांनी, कोणती वस्तू कुठे टाकायची ते कळत नाही असे १७ घरांनी आणि वेळ नाही असे १२ घरांनी.

तिसरी गोष्ट बाईंना माहीत नाही. आमच्याकडे रोज सकाळी दारावरून कचरा नेणाऱ्या मावशी मुलींना हसून म्हणाल्या, ‘सदतीस? दहा-बारा डबे मला नीट मिळाले तरी मी नारळ फोडीन.’ आता मुली अडून बसल्या आहेत. दोघींचे म्हणणे आहे की मावशींचे बोलणे अहवालात घालावे. दोघी म्हणतात की तसे केले तर आपण शेजाऱ्यांना खोटे ठरवतो. काय करावे?

अण्णा परळकर

मावशींचे म्हणणे घाला. चाळीत वाढलेला माणूस म्हणून सांगतो, कुणाच्या घरात काय शिजले हे नवऱ्याआधी कचरेवालीला कळते.

गच्चीवरची_बाग

अतिशय उपयुक्त विषय. आमच्या सोसायटीने गच्चीवर खताचे ड्रम बसवले आहेत, पण पावसाळ्यात त्यांना फार वास येतो आणि अळ्या होतात. कोणते कल्चर वापरावे, आणि भुशाऐवजी नारळाचा काथ्या चालतो का? ५६ घरांना किती ड्रम लागतील?

सुमेधा_मुलुंड

@गच्चीवरची_बाग, आमचा प्रश्न खताचा नसून अहवालाचा आहे. काथ्या चालत असावा, पण मी अधिकाराने सांगू शकत नाही.

काटा_तराजू

मी काही वर्षे एका संस्थेसाठी वस्त्यांमधून आणि सोसायट्यांमधून कचऱ्याची मोजणी करत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी आकृती ३. वर्तुळालेखाची अट अशी की प्रत्येक घर वर्तुळाच्या एकाच फाकेत बसले पाहिजे आणि सगळ्या फाका मिळून सगळी घरे झाली पाहिजेत. पहिल्या प्रश्नात तसे होते, कारण ३७ आणि ७ मिळून ४४ होतात. अडचणींच्या प्रश्नात मात्र एकाच घराने दोन-तीन खुणा केल्या आहेत. तुमच्या चार आकड्यांची बेरीज करून पाहा, ती ७६ येते. संगणकाला हे कळत नाही. तो मुकाट्याने ७६ ला शंभर टक्के धरतो आणि गाडीच्या तक्रारीला ३४ टक्क्यांची फाक देतो. वाचणारा म्हणतो, साधारण एक तृतीयांश घरांची तक्रार दिसते. प्रत्यक्षात ४४ पैकी २६ घरांची, म्हणजे ५९ टक्के घरांची ती तक्रार आहे. चित्र देखणे असूनही त्याने मोठी तक्रार लहान करून दाखवली. या प्रश्नाला आडवा स्तंभालेख काढावा, प्रत्येक स्तंभ ४४ पैकी किती ते सांगेल असा, आणि खाली ‘एका घराने एकापेक्षा अधिक पर्याय निवडले असल्याने बेरीज ४४ पेक्षा अधिक आहे’ अशी ओळ द्यावी. बाईंचा शेरा बहुधा हाच असणार.

आता ३७ घरांविषयी. ती खोटे बोलली असे मानण्याची घाई करू नका. ‘आपण वेगळा करता का?’ या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. समोर शाळेच्या गणवेशातली मुलगी वही घेऊन उभी असताना ‘नाही’ कोण म्हणणार? त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ‘सुका कचरा’ या शब्दाने त्या घरांना काय कळले, हे मुलींनी विचारलेले नाही. प्रश्न असा हवा होता: ‘काल सकाळी आपण कचरा किती डब्यांत दिला? दुधाची रिकामी पिशवी काल कुठे गेली?’ सवय विचारली की माणूस आपला चांगुलपणा सांगतो, कालची गोष्ट विचारली की त्याला आठवावे लागते.

निवृत्त_गणित

माझ्या मते मूळ दोष निराळा आहे. ४४ हा नमुना फार लहान आहे. सांख्यिकीच्या दृष्टीने किमान १०० घरे घेतल्याशिवाय टक्केवारी काढूच नये. मुलींनी शेजारच्या दोन सोसायट्या घ्याव्यात, म्हणजे निष्कर्ष विश्वसनीय होईल.

काटा_तराजू

@निवृत्त_गणित, सर, आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. या ४४ घरांवरून ‘मुंबईकर जागरूक आहेत’ असे म्हणता येणार नाही, आणि ‘आमच्या परिसरातील नागरिक’ हेही नाही. परंतु मुलींनी नमुना निवडलेलाच नाही. त्या इमारतीतल्या प्रत्येक दाराशी गेल्या आहेत. ही त्या सोसायटीची गणनाच आहे, फक्त १२ घरे निसटलेली. इथला धोका नमुना लहान असण्याचा नाही, तर ती १२ घरे कोणती आहेत हे ठाऊक नसण्याचा आहे. कचरा वेगळा न करणाऱ्यांनीच दार उघडायचे टाळले असेल तर ८४ हा आकडा आपोआप फुगतो. शंभर घरे घेतली आणि त्यांतली तीस निसटली, तर आकडा मोठा होईल, खरा होणार नाही.

निवृत्त_गणित

हे मी लक्षात घेतले नव्हते. तरीही एका इमारतीवर आधारलेला निष्कर्ष त्या इमारतीपुरताच लिहावा, हे माझे मत कायम आहे.

माहेर_गिरगाव

‘सुका कचरा म्हणजे काय’ यावरून माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते, कारण ३७ चे कोडे मला तिथेच सुटल्यासारखे वाटते. आमच्याकडे असेच कोणी विचारायला आले तर त्या ठामपणे ‘होय’ म्हणतील आणि त्यात तसूभरही खोटे नसेल. वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याची खोकी, तेलाचे डबे, काचेच्या बाटल्या हे सगळे त्या नीट रचून ठेवतात आणि महिन्यातून एकदा रद्दीवाल्याला देतात. दुधाच्या पिशव्याही धुऊन खिडकीच्या गजाला वाळत लावतात. त्यांच्या लेखी सुका कचरा वेगळा झाला. बिस्किटांचे वेष्टन, शाम्पूची पुडी, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, चहाचा कागदी कप हे मात्र भाजीच्या देठांबरोबर एकाच डब्यात जाते, कारण रद्दीवाला ते घेत नाही. ज्याला भाव आहे तो सुका आणि बाकीचा तो कचरा, असे त्यांचे वर्गीकरण आहे. मुंबईत निम्मी घरे असेच करत असतील असे मला वाटते, पण हे माझे वाटणे आहे, अहवालात घालू नका.

काटा_तराजू

@माहेर_गिरगाव, आपण जे लिहिलेत ते मी अनेक घरांत पाहिले आहे. ओल्या डब्यात सापडणाऱ्या सुक्या वस्तू जवळजवळ नेहमी भाव नसलेल्याच असतात. दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला चिमुकला कोपरा तर हटकून सापडतो. पिशवी वाळत घातली जाते, पण कोपरा सिंकजवळच्या ओल्या डब्यात पडतो.

सुमेधाताई, मुलींची तयारी असेल तर एक सकाळ डबे पाहा. मावशींचे बोलणे हा एक अंदाज आहे. अनुभवी माणसाचा आहे, पण अंदाजच. मोजलेला आकडा हाती आला की दोन्ही बाजूंचा वाद मिटेल. करायची पद्धत अशी.

आधी ठरवा की डबा कोणत्या गटात टाकायचा, आणि ते कागदावर लिहा, डबे पाहायला सुरुवात करण्यापूर्वी. तीन गट पुरेत. ओल्या डब्यात एकही सुकी वस्तू दिसत नसेल तर ‘अ’. दोन डबे दिले आहेत, पण ओल्यात दोन-चार सुक्या वस्तू दिसत आहेत, तर ‘ब’. सगळे एकत्र असेल किंवा प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून दिले असेल तर ‘क’. त्या दिवशी एखाद्या घराने सुका डबा दिलाच नाही, पण ओला डबा स्वच्छ आहे, तर तेही ‘अ’, कारण सुके आठवड्यातून एकदा देणारी घरे असतात. दोघींनी एकच डबा एकमेकींची वही न पाहता नोंदवावा आणि शेवटी जुळवून पाहावे. किती ठिकाणी जमले नाही हाही अहवालात सांगण्याजोगा आकडा आहे.

डब्यात हात घालायचा नाही, ढवळायचे नाही. वरून दिसेल तेवढेच नोंदवायचे. हातमोजे तरीही घालायचे, कारण ब्लेड आणि सुया कुठेही असतात.

वकील_नव्हे_पण

माझा या पद्धतीला आक्षेप आहे. डब्यात माणसाचे सगळे आयुष्य असते: औषधे, बिले, बाटल्या. चौदा वर्षांच्या मुलींनी शेजाऱ्यांच्या कचऱ्यात डोकावणे आणि मग त्यावरून अहवाल लिहिणे, हे कितीही चांगल्या हेतूने केले तरी पाळत आहे. संमतीशिवाय तर मुळीच करू नये.

अण्णा परळकर

आमच्या चाळीत सामाईक नळावर रोज हाच अहवाल तोंडी प्रसिद्ध होत असे. तेव्हा संमती कोणी विचारली नव्हती.

काटा_तराजू

@वकील_नव्हे_पण, आक्षेप रास्त आहे. संमती घ्यावी, पण त्यात एक गोम आहे. ‘गुरुवारी डबे पाहणार’ अशी सूचना फलकावर लावली तर गुरुवारी सगळे डबे आरशासारखे असतील. आम्ही ‘या पंधरवड्यात कोणत्याही एका सकाळी विद्यार्थिनी डब्यांचे वरवरचे निरीक्षण करतील, घर क्रमांक नोंदवला जाणार नाही, ज्यांची हरकत असेल त्यांनी कार्यालयात कळवावे’ अशी सूचना लावत असू. घर क्रमांक न नोंदवण्याची किंमत मात्र मोजावी लागते. कोणत्या घराने काय सांगितले आणि त्याच घराचा डबा कसा निघाला, हे जोडता येत नाही.

वकील_नव्हे_पण

हरकत न घेणे म्हणजे संमती, हे मला पटत नाही. पण सूचना न लावण्यापेक्षा बरे. माझे मत नोंदवून थांबतो.

शिक्षिका_ठाणे

शाळेत असे अहवाल तपासते म्हणून पहिल्या शेऱ्याविषयी लिहिते. निरीक्षण म्हणजे जे मोजले ते. ‘४४ पैकी ३७ घरांनी आपण वर्गीकरण करतो असे सांगितले’ हे निरीक्षण झाले. ‘सांगितले’ हा शब्द त्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मुले तोच गाळतात. निष्कर्ष म्हणजे त्या मोजमापाचा अर्थ आणि त्याची मर्यादा. बहुतेक अहवालांत निष्कर्ष आधी ठरलेला असतो. ‘नागरिक जागरूक आहेत, परंतु अधिक जनजागृतीची गरज आहे’ हे वाक्य मी यंदा अकरा अहवालांत वाचले, त्यांतला एक पाणीटंचाईवरचा होता.

आणखी एक सुचवते. गाडीत सगळे एकत्र जाते, असे २६ घरांनी म्हटले हे त्यांचे मत आहे, ते घडते हे त्यातून सिद्ध होत नाही. मुलींनी गाडी येते तेव्हा खाली उभे राहून पाहिले आहे का?

एक प्रश्न प्रश्नावलीत दिसत नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचे काय? २०१६ च्या घनकचरा नियमांत ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यावे असे म्हटले होते, पण लोक ते ओल्यात टाकतात, कारण ते ओलसर असतात. मुलींना विचारायला संकोच वाटला असेल तर तेही मर्यादांमध्ये एका वाक्यात लिहावे.

सुमेधा_मुलुंड

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. सचिवांनी सूचना लावली, दोन घरांनी तोंडी कुरकुर केली, लेखी हरकत कोणाचीही आली नाही. मुलींनी गुरुवारी सकाळी साडेसहापासून मावशींबरोबर सातव्या मजल्यापासून खाली येत निरीक्षण केले. मीही मागे होते.

त्या सकाळी ४७ घरांनी कचरा दिला. ‘अ’ गटात १९, ‘ब’ गटात ११ आणि ‘क’ गटात १७ डबे आले. दोघींच्या वह्या चार डब्यांच्या बाबतीत जुळल्या नाहीत आणि चारही ठिकाणी भांडण दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याचे होते. एकीने तो सुकी वस्तू धरला, दुसरीने सोडून दिला. शेवटी घरांना संशयाचा फायदा देऊन चारही डबे ‘अ’ मध्ये धरले. @काटा_तराजू, कोपऱ्याची गोष्ट वाचलेली असल्याने मला पायऱ्यांवरच हसू आले.

गाडीही पाहिली. मावशी तळमजल्यावर दोन निळ्या ड्रमांच्या मध्ये बसून बाटल्या, खोकी आणि पत्र्याचे डबे स्वतः वेगळे काढतात, ते त्यांच्या मिळकतीचे असते. उरलेले दोन्ही ड्रम गाडीत वेगळ्या कप्प्यांत गेले. म्हणजे निदान त्या दिवशी तरी २६ घरांचे मत आणि गाडी जुळली नाही. पुढे गाडीचे काय होते ते आम्हाला दिसले नाही.

आता चौघींपुढे प्रश्न आहे की ‘८४ टक्के घरांनी सांगितले, प्रत्यक्षात ४० टक्के घरांनीच केले, म्हणून ४४ टक्के घरे चुकीचे सांगतात’ असे लिहावे का?

निवृत्त_गणित

तसे मुळीच लिहू नये. ८४ टक्के हे ४४ घरांचे आहेत आणि ४० टक्के हे ४७ घरांचे. दोन वेगळ्या पाट्यांतील आंबे मोजून वजाबाकी होत नाही. तरीही काहीतरी ठामपणे म्हणता येते का, ते मी कागदावर करून पाहिले, आणि ते येते.

एकूण ५६ घरे आहेत. गुरुवारी ४७ घरांनी कचरा दिला, म्हणजे ९ घरांनी दिला नाही. ‘होय’ म्हणणारी घरे ३७. आपण त्यांच्या बाजूने जितके उदार होता येईल तितके होऊ आणि कचरा न देणारी नऊच्या नऊ घरे ‘होय’वालीच होती असे समजू. तरीही ‘होय’ म्हणणाऱ्या किमान २८ घरांचे डबे मुलींनी पाहिले असणार. स्वच्छ ‘अ’ डबे एकूण १९ आहेत. तेही सगळे ‘होय’वाल्यांचेच मानू. म्हणजे ‘होय’ म्हणणाऱ्यांपैकी निदान ९ घरांचा डबा त्या दिवशी ‘अ’ नव्हता. यासाठी एकाही घराचा क्रमांक लागत नाही.

मात्र ‘ब’ गटालाही वर्गीकरण करणारा मानले, तर ‘अ’ आणि ‘ब’ मिळून ३० होतात. ३० हे २८ पेक्षा अधिक आहेत. अशा वेळी एकाही घराचे म्हणणे चुकीचे होते असे सिद्ध होत नाही.

काटा_तराजू

सर, उत्तम. ‘किमान’ हा शब्द अहवालात जसाच्या तसा राहू द्यावा. मुलींनी डबे वरूनच पाहिले आहेत. तळाशी काय होते ते दिसलेले नाही, म्हणून १९ हा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा अधिकच असेल, कमी नसेल. त्यामुळे ‘किमान ९’ हे विधान आणखी भक्कम होते.

माहेर_गिरगाव

म्हणजे सगळा प्रकल्प त्या ११ ‘ब’ घरांवर येऊन थांबला. माझ्या सासूबाई ‘ब’ मध्येच आल्या असत्या, आणि त्यांना ‘वर्गीकरण न करणारी’ म्हणालात तर त्या तुमच्याशी आयुष्यभर बोलणार नाहीत.

सुमेधा_मुलुंड

एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. ज्या १२ घरांकडून प्रश्नावली मिळाली नाही, त्यांपैकी ५ घरे वर्षभर कुलूपबंद आहेत. मालक परदेशी असतात. उरलेल्या ७ घरांनी ‘नंतर या’ म्हटले. याने काही फरक पडतो का?

निवृत्त_गणित

ताई, फार मोठा फरक पडतो! जिथे माणूस राहत नाही तिथे कचरा नाही. म्हणजे राहती घरे ५६ नव्हेत, ५१. गुरुवारी ४७ घरांनी कचरा दिला म्हणजे केवळ ४ राहत्या घरांनी दिला नाही. ‘होय’ म्हणणाऱ्यांपैकी किमान ३३ घरांचे डबे मुलींनी पाहिले. मग त्यांतली किमान १४ घरे ‘अ’ मध्ये नाहीत. आणि आता ‘ब’ ला चांगले मानले तरी ३३ मधून ३० गेले, किमान ३ घरे उरतातच. मघाशी उदार व्याख्येने कोणाचेही म्हणणे चुकीचे ठरत नव्हते. पाच कुलपांनी ते बदलले.

शिवाय प्रतिसादही सुधारतो. ५६ पैकी ४४ म्हणजे ७९ टक्के होते, ५१ पैकी ४४ म्हणजे ८६ टक्के.

शिक्षिका_ठाणे

हे पहिल्या पानावर, ‘कार्यपद्धती’ खाली यायला हवे: एकूण घरे, बंद घरे, राहती घरे, प्रतिसाद देणारी घरे, त्या दिवशी कचरा देणारी घरे. पाच ओळी. तपासणारी व्यक्ती बहुधा आलेख पाहते, मी मात्र या पाच ओळी शोधते.

वकील_नव्हे_पण

गणित मान्य. पण एकच गुरुवार आहे हे विसरू नका. बुधवारी रात्री पाहुणे आले असतील, कामवाल्या बाई आल्या नसतील. ‘त्या दिवशी’ हे दोन शब्द प्रत्येक वाक्यात हवेत. ‘ते लोक करत नाहीत’ आणि ‘त्या दिवशी डबा तसा नव्हता’ यांत माणसाच्या अब्रूचा फरक आहे.

काटा_तराजू

सहमत. रविवारी पाहिले असते तर मासळीमुळे ओला डबा जड झाला असता आणि मासळीची काळी पिशवी त्यातच गेली असती, म्हणून ‘क’ वाढले असते असा माझा अंदाज आहे. एका दिवसावरून आठवडा सांगता येत नाही.

गच्चीवरची_बाग

२०१७ मध्ये महापालिकेने दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची प्रक्रिया आवारातच करायला सांगितले होते. मुलींनी वजन केले असते तर तुमची सोसायटी त्यात बसते का हे कळले असते, आणि ड्रम किती लागतील हेही.

काटा_तराजू

@गच्चीवरची_बाग, या वेळी आपला मुद्दा विषयाला धरून आहे. ताणकाट्यावर भरलेला ड्रम टांगायचा, रिकाम्या ड्रमचे वजन वजा करायचे, सात दिवस रोज. पण तो वेगळा प्रकल्प झाला. आणि वजनाने वर्गीकरणाचा प्रश्न सुटत नाही, कारण गोळ्यांच्या पट्टीला वजनच नसते. ओल्या डब्यातला दोष वजनात दिसत नाही, मोजणीत दिसतो.

सुमेधा_मुलुंड

अहवाल काल पुन्हा दिला. आकृती ३ आता आडवा स्तंभालेख आहे आणि गाडीच्या स्तंभाखाली ‘घरांचे मत’ असे लिहिले आहे. आकृती ४ नवी आहे: ‘अ’, ‘ब’, ‘क’ यांचे तीन स्तंभ, मथळा ‘गुरुवारी सकाळी वरून पाहिलेले ४७ डबे’. पहिल्या खेपेस संगणकाने उभा अक्ष १० पासून सुरू केला होता, त्यामुळे ११ चा ‘ब’ जवळजवळ दिसतच नव्हता आणि १९ चा ‘अ’ त्याच्या नऊपट उंच दिसत होता. मुलीनेच ते पकडले आणि अक्ष शून्यापासून केला.

निष्कर्षात मात्र चौघींचे एकमत झाले नाही. ‘ब’ घरे वर्गीकरण करतात की नाही, यावर दोघी एकीकडे आणि दोघी दुसरीकडे. शेवटी त्यांनी दोन्ही लिहिले: कडक व्याख्येने ‘होय’ म्हणणाऱ्यांपैकी किमान १४ घरांचा डबा त्या दिवशी उत्तराशी जुळला नाही, सैल व्याख्येने किमान ३ घरांचा. ‘जागरूक’ हा शब्द अहवालातून गेला. सॅनिटरी कचऱ्याविषयी आपण विचारले नाही, हे मर्यादांमध्ये आले. मावशींचे वाक्य माझ्या मुलीने प्रस्तावनेत घातले, नारळासकट.

मावशींना १९ हा आकडा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुम्ही पोरी बरोबर होतात म्हणून. उद्या या.’

वकील_नव्हे_पण

म्हणजे सूचना फलकाचा परिणाम झालाच.

काटा_तराजू

किंवा मावशींचा अंदाज कमी होता. यातले कोणते, ते या अहवालावरून सांगता येणार नाही.

अण्णा परळकर

पण मावशींना दहा-बाराच्या वर मिळाले ना? मग नारळ कोण फोडणार?